घरात खुकू, कागदावर नीलिमा : बंगाली डाकनाम-भालोनामचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, लग्न होऊन कोलकात्यात आले त्याला 14 वर्षं झाली. इथं प्रत्येकाला दोन नावं असतात हे तुम्ही ऐकलं असेलच, घरात आणि पाड्यात हाक मारायचं ते डाकनाम आणि शाळा-ऑफिस-पत्रिकेतलं ते भालोनाम. आपल्याकडे बंड्या, सोन्या, बेबी असतात तसंच ना, असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. तसं नाहीये. आपल्याकडे बंड्याचं नाव प्रशांत आहे हे शेजाऱ्याला माहीत असतं. इथं 40 वर्षं समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाला तुमचं भालोनाम माहीत नसतं आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नाही.

धागा काढायचं कारण सासऱ्यांची एफडी. सासरे मागच्या वर्षी गेले. कपाटात एका बँकेची पावती सापडली, 1994 ची, दर वेळी रिन्यू करत आणलेली. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, पण काय नाव? खुकू भट्टाचार्य. खुकू म्हणजे छोटी पोरगी, आपल्या छकुलीसारखं, आणि ही खुकू आता 71 वर्षांची आहे. आधार, मतदार कार्ड, पॅन सगळीकडे त्या नीलिमा भट्टाचार्य. मी सासूबाईंना विचारलं, मा, बाबांनी असं का लिहिलं? तर म्हणाल्या, त्यांनी मला आयुष्यात नीलिमा म्हणून हाक कधी मारली होती, फॉर्म भरताना तेच आलं असेल हातात. यावर काय बोलणार.

बँकेतला माणूस सभ्य होता पण म्हणाला की माझ्यासमोर नीलिमा बसल्यात आणि पैसे खुकूचे आहेत, मी कसे देऊ. मग सुरू झालं. आधी वकिलाकडून अ‍ॅफिडेव्हिट, फर्स्ट क्लास ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटसमोर, की खुकू भट्टाचार्य आणि नीलिमा भट्टाचार्य ही एकच व्यक्ती आहे. मग ते झाल्याची पेपरात छोटी जाहिरात, एक बंगाली पेपर एक इंग्रजी. मग वॉर्डाच्या नगरसेवकाच्या लेटरहेडवर दाखला की या बाईंना मी ओळखतो आणि यांचं डाकनाम खुकू. एवढं घेऊन गेलो तर म्हणे अजून काहीतरी जुनं दाखवा, कारण अ‍ॅफिडेव्हिट तुम्ही आज केलंय, 1994 ला या खुकू होत्या याचा पुरावा काय. इथं आमची गाडी अडली. शेवटी सुटका केली ती मूळ नॉमिनेशन फॉर्मने, बँकेच्याच जुन्या फायलीतून निघाला. त्यात नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलेलं होतं आणि पत्ता हाच. सासऱ्यांच्या डेथ सर्टिफिकेटवर पत्नीचं नाव नीलिमा. मग वरच्या साहेबांनी इन्डेम्निटी बाँड आणि दोन साक्षीदार घेऊन क्लेम सोडला. साडेचार महिने गेले.

इथल्या बंगाली पेपरात त्या जाहिरातींचं अख्खं पान असतं बरं का. आधी मी कधी पाहिलं नव्हतं, आता रोज वाचते. 'एक ओ अभिन्न ब्यक्ति' हे शब्द ओळीओळीत. बापी आणि देबाशिष एक ओ अभिन्न, टुनी आणि सबिता एक ओ अभिन्न. अर्धे स्पेलिंगच्या भानगडीचे असतात, रॉय आणि राय वगैरे, पण डाकनामवालेही भरपूर.

तर तुमच्या ओळखीत, नात्यात, ऑफिसात बंगाली मंडळी असतील तर डाकनाम कागदावर गेल्याचे, किंवा भालोनाम कुणाला ठाऊक नसल्याचे अनुभव लिहा. डाकनाम कागदावर कसं घुसतं हे मला जास्त जाणून घ्यायचंय.

डोंबिवली_फास्ट
आमच्या मजल्यावर सेनगुप्ता म्हणून होते, त्यांच्या मुलाला आई खिडकीतून हाक मारायची खोका, ए खोका. बंगालीत खोका म्हणजे पोरगा. आता मुंबईत खोका म्हणजे काय ते सांगायला नको, आणि 2022 नंतर तर अजिबातच नको. बिल्डिंगमधली सगळी पोरं त्याला 50 म्हणून चिडवायची. बिचाऱ्याने आईला विनंती करून निदान सोसायटीच्या आवारात भालोनाम वापरायला लावलं, पण ते होतं द्वैपायन. ते पोरांना बोलताच येईना. परत खोका.

मीनल_के
माझ्या मैत्रिणीचं डाकनाम बुड़ी, म्हणजे म्हातारी, आणि ती 22 वर्षांची. नागपूरला होस्टेलवर वडिलांचा फोन आला की मेट्रन ओरडायची, 'बुरी' का फोन है. तिने कधीच कुणाला अर्थ सांगितला नाही. कागदाचा अनुभव नाही, सॉरी.

जुना_कोलकातावासी
आमचं अख्खं लहानपण भवानीपुरात गेलं, वडील रेल्वेत होते, आणि हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीला नाचत मोठे झालो. नंतर मी 20 वर्षं तिथल्याच एका शाळेत क्लार्क होतो त्यामुळे हा विषय माझ्या टेबलावरून रोज गेलेला आहे. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

डाकनाम पहिलं येतं. पोर जन्मलं की दोनचार दिवसांत आजी, पिशी, मोठं भावंड कुणीही काहीतरी म्हणायला लागतं आणि ते चिकटतं. त्याला अर्थ पाहिजेच असं नाही. टुटुल, बुबाई, घोंटू, पिकलू. भालोनामाला मात्र घाई नसते. पूर्वी ते मुखेभातापर्यंत लांबायचं, म्हणजे अन्नप्राशन, मुलाचं सहसा सहाव्या महिन्यात आणि मुलीचं पाचव्या किंवा सातव्यात, मामाच्या मांडीवर बसवून पायेश भरवतात ते. पुरोहिताला संकल्पात नाव लागतं म्हणून तिथं घरच्यांना एकदाचं ठरवावं लागायचं. आणि भालोनाम म्हणजे चांगलं संस्कृत, भारदस्त, भावंडांच्या नावाशी अक्षर जुळणारं, मग काका एक सुचवणार आजोबा दुसरं. महिना महिना वाद.

आता मधल्या काळात जन्माची नोंद तर करावी लागते. आपल्या 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात याला जागा ठेवलेली आहे, कलम 14. बाळाच्या नावाशिवाय जन्म नोंदवता येतो. नंतर 12 महिन्यांत नाव कळवलं तर फुकट, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत. बंगाली कुटुंबांना ही सोय आपल्यापेक्षा जास्त लागते असं माझं मत. पण होतं काय, हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरायला जातो तो बाप किंवा मामा, तो रकाना रिकामा ठेवायच्या ऐवजी त्या आठवड्यात घरात जे काही म्हणत असतात ते लिहून मोकळा होतो. म्हणजे बुबाई. धागाकर्तीने विचारलंय डाकनाम कुठून घुसतं, तर एक दार हे.

दुसरं दार शाळा. माझ्यासमोर बाप पोराला घेऊन उभा, मी विचारायचो भालोनाम की? तर पोरगं म्हणायचं टुबाई. बाप हसायचा आणि सांगायचा शुभ्रज्योती. पोराला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळत असायचं कधीकधी, वळून बापाकडे बघायचं की हा कोण. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही दहादा. पण बापाच्या जागी शेजारची काकी घेऊन आली असेल तर ती टुबाईच सांगणार, कारण तिला तेवढंच ठाऊक.

सुधारायची शेवटची सोपी जागा नववी. पश्चिम बंगालच्या माध्यमिक बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीत होतं. त्यावर जे नाव आणि जी जन्मतारीख गेली तेच दहावीच्या अ‍ॅडमिट कार्डावर येतं आणि ते माध्यमिकचं अ‍ॅडमिट कार्ड म्हणजे तिथल्या माणसाचा जन्मभराचा कागद. आपण जसा शाळा सोडल्याचा दाखला जपतो तसं ते जपतात, नोकरीत वयाचा पुरावा म्हणून तेच काढून देतात. आम्ही रजिस्ट्रेशनच्या वेळी चेकलिस्ट घरी पाठवायचो, पालकांची सही आणा म्हणून. तरी वर्षाला एखाद दुसरा निघायचाच ज्याचं जन्मदाखल्यावर बाप्पा आणि बोर्डात सौम्यदीप. बोर्डाचं नाव बदलणं फार किचकट म्हणून लोक उलट करायचे, जन्मदाखलाच अ‍ॅफिडेव्हिट लावून दुरुस्त करून आणायचे.

ठाण्याचा_राजा
डाकनाम कागदावर कधीच जात नाही, ही त्यांच्यात पक्की पद्धत आहे. तुमच्या सासऱ्यांची ती वैयक्तिक चूक. आणि अशा केसमध्ये अ‍ॅफिडेव्हिटने काही होत नाही, गॅझेटमध्ये नाव द्यावं लागतं. माझ्या बायकोचं लग्नानंतर केलंय त्यामुळे खात्रीने सांगतो.

जुना_कोलकातावासी
राजे, पद्धत पक्की आहे हे बरोबर, पण पद्धत आणि फॉर्म भरणारा मामा या दोन वेगळ्या गोष्टी. आणि गॅझेट नाव बदलताना. तुमच्या सौभाग्यवतींनी नाव बदललं. खुकूने नीलिमा व्हायचं ठरवलं नव्हतं, ती जन्मापासून दोन्ही होती. तिथं 'एकच व्यक्ती' एवढंच सिद्ध करायचं असतं. अ‍ॅफिडेव्हिट त्यासाठीच. पण तुमच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे, की नुसतं अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे त्या माणसाचं स्वतःचंच म्हणणं, समोरचं ऑफिस ते मान्य करायला बांधील नसतं. म्हणून जोडीला जुना कागद लागतो, वरती धागाकर्तीचं झालं तसं.

ठाण्याचा_राजा
ठीके. पण गॅझेट केलेलं कधीही चांगलं.

पिकू_पुणेकर
मी बंगाली आहे, जन्म पुण्याचा, शाळा मराठी मीडियम, त्यामुळे चुका सांभाळून घ्या (नाहीयेत फारशा, मला माहितीये). पिकू हे माझं डाकनाम आणि इथं आयडीला तेच घेतलंय कारण भालोनामाने मला फक्त एचआर ओळखतं.

आमच्याकडे प्रॉब्लेम डाकनामाचा नाही झाला, उलटाच झाला. महाराष्ट्रात शाळेचा फॉर्म म्हणजे आडनाव, नाव, वडिलांचं नाव. बंगाल्यांमध्ये वडिलांचं नाव मधे लावत नाहीत. मधे असतं ते कुमार, चंद्र, कांति, नाथ असलं काहीतरी आणि ते स्वतःच्याच नावाचा भाग असतं. माझा जन्मदाखला कोलकात्याचा, कारण आई बाळंतपणाला दिदिमाकडे गेली होती, त्यावर अरिंदम चटर्जी एवढंच. दहावीच्या मार्कशीटवर चटर्जी अरिंदम सुबीर. सुबीर बाबा. म्हणजे घरातलं पिकू धरून मला तीन नावं. पासपोर्टच्या वेळी विचारलं हे सुबीर कुठून आलं. मी म्हणलं महाराष्ट्रातून आलं.

आणि पासपोर्टच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न आहे ना, तुम्ही दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जाता का. आता खरं उत्तर द्यायचं तर हो, माझी आई, 23 चुलत-मावस भावंडं आणि मासेवाला मला पिकू म्हणतात. मी एजंटला विचारलं तर तो म्हणाला वेडा आहेस का, नाही लिही. माझ्या जेठूंनी मात्र प्रामाणिकपणे हो लिहून पुढे 'गोबिंदो' लिहिलं होतं त्यांच्या वेळी. काही झालं नाही, पण अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्येही मग तेच लिहावं लागलं, एकदा लिहिलं की सगळीकडे न्यावं लागतं. काय बरोबर ते मला अजून कळलं नाहीये.

सुलेखा_जोशी
पिकू, माझ्या मते तो प्रश्न कागदावरच्या दुसऱ्या नावासाठी आहे, म्हणजे एखाद्या सर्टिफिकेटवर किंवा बँकेत वेगळं नाव असेल तर. मासेवाल्याचं कोण विचारतंय.

पिकू_पुणेकर
मलाही तसंच वाटतं, पण फॉर्ममध्ये 'कागदावर' असा शब्द नाहीये ना. आणि पोलीस व्हेरिफिकेशनला आलेला माणूस मासेवाल्यालाच विचारतो.

बेहाला_ते_बाणेर
पोलीस व्हेरिफिकेशन!! हे लिहायलाच आले. नवऱ्याचा पासपोर्ट त्याच्या बेहालाच्या पत्त्यावर होता, लग्नानंतर लगेच. साध्या कपड्यातला पोलीस आला तेव्हा घरी कुणी नव्हतं, तो खालच्या मिठाईवाल्याकडे गेला आणि विचारलं देबाशिष मुखोपाध्याय कुठे राहतो. मिठाईवाला म्हणाला या गल्लीत असं कुणीच नाही. चहाच्या टपरीवर विचारलं, तिथेही नाही. क्लबात कॅरम खेळणारी चार पोरं, त्यातला एक नवऱ्याचा शाळूसोबती, तोही म्हणाला देबाशिष? नाही बुवा. पोलिसाने जवळजवळ 'पत्त्यावर राहत नाही' असं लिहिलंच होतं. तेवढ्यात सासरे बाजारातून आले हातात पिशवी घेऊन, आणि टपरीवाला म्हणाला मेशोमशाई, हे कुणा देबाशिषला शोधतायत. सासरे म्हणाले अरे आमचा बापी. अख्खी गल्ली एकदम, ओ, बापीदा! मग पोलिसाला चहा काय, मिष्टी काय.

तेव्हापासून कुरिअरच्या पत्त्यात आम्ही 'बापीदार बाड़ी' असं लिहितो. पिन कोड चुकला तरी येतं.

अथर्व_ग
धागा पेट नेमचा आहे म्हणून लिहितोय, आमच्या लॅब्राडोरचं नाव सिंबा पण महापालिकेच्या लायसनवर वडिलांनी शिवा लिहिलंय. दर वर्षी रेबीजच्या सर्टिफिकेटवर गोंधळ होतो. त्याचंही अ‍ॅफिडेव्हिट करावं लागेल का?

डोंबिवली_फास्ट
@अथर्व_ग सिंबा ओ शिवा एक ओ अभिन्न कुकुर.

रेवा_साठे
प्रसिद्ध लोकांचं कुणी लिहिलं नाही अजून. बप्पी लाहिरीचं भालोनाम आलोकेश. बप्पी हे डाकनाम, आणि पोस्टरपासून सगळीकडे तेच गेलं. आर. डी. बर्मन घरात लहानपणी टुबलू होता, पंचम नंतर. सत्यजित राय म्हणजे माणिक, त्यांच्या युनिटमधले त्यांना माणिकदाच म्हणायचे. लेखिका झुंपा लाहिरीचं तर उलटंच, नीलांजना सुदेष्णा अशी दोन भारदस्त नावं होती, पण अमेरिकेत बालवाडीतल्या बाईंना झुंपा म्हणणं सोपं पडलं म्हणून ते डाकनामच शाळेत चालू झालं आणि पुढे पुस्तकावरही तेच. दोन्ही लाहिरी, योगायोग.

ज्योती बसूंचं वेगळं, त्यांचं जन्मनाव ज्योतिरिंद्र, शाळेत घालताना वडिलांनी ज्योती केलं. म्हणजे भालोनामच छोटं केलं, डाकनाम नव्हे.

आणि मुनमुन सेन. मुनमुन हे डाकनाम, खरं नाव श्रीमती. 2014 ला बांकुड्यातून लोकसभेला निवडून आली तेव्हा निवडणूक आयोगाच्या यादीत श्रीमती देव वर्मा आणि पुढे कंसात मुनमुन सेन. मतदाराला कळलं पाहिजे ना कोण ते. बंगालमध्ये भिंतीवरच्या प्रचारात बघा, निम्म्या उमेदवारांच्या नावापुढे कंसात बाबलू, बाच्चू, टिंकू असतं.

बेहाला_ते_बाणेर
हो आणि लग्नपत्रिकेतही कंसात असतं! आमच्या पत्रिकेत 'देबाशिष (बापी)'. माझ्या बाबांना वाटलं मुलाचं आधीचं काहीतरी लफडं आहे, दोन नावं का, म्हणजे उर्फ तर गुन्हेगारांना असतं. त्यांना समजावता समजावता हळद आली.

शारजाहून_संतोष
माझ्या साईटवर बांगलादेशी मुलं खूप आहेत, त्यांच्यातही डाकनाम असतं, मुसलमान असोत का हिंदू. पण त्यांच्याकडे एक वेगळी गंमत, बऱ्याच जणांचं डाकनाम कागदावर शेवटी जोडलेलं असतं. क्रिकेट बघता ना, नजमुल हुसेन शांतो, त्यातलं शांतो. मेहदी हसन मिराज, त्यातलं मिराज. आपल्याला वाटतं आडनाव आहे. तिथं आडनाव म्हणून घराण्याचं एकच नाव पिढ्यान्पिढ्या चालवायची पद्धत सगळीकडे नाही. मग इथल्या सिस्टीममध्ये 'लास्ट नेम' म्हणून डाकनाम बसतं आणि बापाचं लास्ट नेम वेगळं, भावाचं वेगळं. आमच्याकडे एकाने बायको-मुलाला व्हिजिटवर आणलं तेव्हा तिघांची तीन आडनावं, टायपिंग सेंटरवाला तीनदा विचारत होता फॅमिली नक्की एकच ना. मॅरेज सर्टिफिकेट आणि जन्मदाखला दाखवून झालं काम. त्याचं स्वतःचं लास्ट नेम होतं लिटन. एवढा सहा फुटी माणूस.

पणजीकर_मावशी
आमच्या गोव्यात जुन्या कागदांवर उर्फ भरपूर. माझ्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर दोन नावं आणि मधे 'आलियास'. पोर्तुगीज काळातली नोंद एक, घरातलं नाव दुसरं. वाटणीच्या वेळी त्या एका शब्दाने आम्हाला वाचवलं. म्हणून म्हणते, बंगाली लोकांनी पहिल्यापासून दोन्ही लिहून का ठेवू नयेत?

जुना_कोलकातावासी
मावशी, लिहितात ना. बंगालीतही 'ओरफे' शब्द आहे, जुन्या दलिलांमध्ये, म्हणजे जमिनीच्या खरेदीखतात, सापडतो. गावाकडे तर दलील लिहिणारा मुहुरी स्वतःहून विचारायचा डाकनाम काय, कारण साक्षीदार त्याच नावाने ओळखणार. शहरात आणि बँकेत ते गेलं. आणि आता आधारला नाव जुळवायचं मशीनने, तिथं उर्फला जागा नाही.

सियाटलची_सई
आमचं ताजं आहे. माझा नवरा बंगाली, मुलगी इथेच झाली. हॉस्पिटलमधून निघायच्या आधी बर्थ सर्टिफिकेटची बाई फॉर्म घेऊन आली, नाव द्या. सासूबाई कोलकात्याहून व्हिडिओवर म्हणतायत अजून ठरलं नाही, मुखेभातापर्यंत थांबा. आपल्याकडे बारशाला तरी 12 दिवस मिळतात, इथं 2 पण नाहीत. रिकामं ठेवता येतं असं ती बाई म्हणाली, पण मग सोशल सिक्युरिटी नंबर, इन्शुरन्स सगळं लटकतं. मग आम्ही भालोनाम माझ्या आईने सुचवलेलं दिलं, ईशानी, आणि डाकनाम मिष्टी मिडल नेम म्हणून टाकलं, म्हटलं सासूबाईपण खूष.

सासूबाई अजिबात खूष नाहीत. त्यांचं म्हणणं डाकनाम कागदावर गेलं की ते डाकनाम राहत नाही, ते बाहेरच्यांचं झालं. आता त्यांनी तिला नवीन डाकनाम दिलंय, पुचके. आणि खरंच, मागच्या महिन्यात डेंटिस्टकडे रिसेप्शनवरच्या बाईने मिष्टी म्हणून हाक मारली तर नवरा असा दचकला जणू ती आमच्या बेडरूममध्ये शिरली. तेव्हा मला सासूबाईंचं थोडं पटलं. ओसीआय कार्डावरही आता मिष्टी आहेच.

मीनल_के
सई, पुचके म्हणजे काय?

सियाटलची_सई
चिमुरडी, एवढुशी. म्हणजे 18 व्या वर्षी हे कागदावर नसल्याबद्दल ती आजीचे आभार मानेल.

नवाबाबा_खारघर
धागा वेळेवर आला. बायको बंगाली, आमचं बाळ 5 महिन्यांचं, जन्म नवी मुंबईत, नोंद झालीये पण नावाचा रकाना अजून कोरा आहे. घरी गोगोल म्हणतात. सासरे म्हणतात मुखेभात पुढच्या महिन्यात, तेव्हा ठरवू. माझी आई म्हणते बारसं करून मी कानात अथांग सांगितलंय, तेच ठेवा. घाई करावी का? कुणीतरी म्हणालं आता जन्मदाखल्याचे नियम बदललेत.

जुना_कोलकातावासी
हो बदललेत, आणि तुमच्या बाळाला ते लागू आहेत. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट वगैरे ठिकाणी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार. पूर्वी जन्मदाखल्यावर बुबाई असलं तरी माध्यमिकच्या अ‍ॅडमिट कार्डावर निभावून जायचं. या पिढीला ती पळवाट नाही. म्हणून माझा सल्ला, रकाना कोरा असणं वाईट नाही, 12 महिने फुकट आहेत, मुखेभात आरामात होऊ द्या. फक्त कोऱ्या रकान्यात 'तात्पुरतं' म्हणून गोगोल लिहू नका. आणि नाव टाकायला गेलात की इंग्रजी स्पेलिंग आणि मराठीतलं नाव दोन्ही तिथंच उभं राहून वाचा. बंगाली बिबेकचा इकडे विवेक होतो आणि सौरवचा सौरभ, क्लार्क बिचारा चांगल्या मनाने सुधारतो. दाखला छापून आला की मग दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे फेऱ्या.

ठाण्याचा_राजा
आणि गॅझेट.

नवाबाबा_खारघर
धन्यवाद काका. आणि अथांग का बंगाली नाव, ते?

जुना_कोलकातावासी
त्यात मी पडत नाही. बंगालीत ओथांग म्हणतील एवढं आईला सांगून ठेवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, बापीदार बाड़ी वाचून नवरा इतका हसला की चहा सांडला.

एक राहिलं. क्लेमचे पैसे आल्यावर सासूबाईंचं नवीन खातं उघडायला परत त्याच बँकेत गेलो. आता नॉमिनी माझा नवरा. फॉर्म मी भरायला घेतला तर सासूबाईंनी पेन काढून घेतलं, म्हणाल्या मी लिहिते, यावेळी नीट लिहिते. चष्मा लावून एकेक अक्षर काढत लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. बघते तर नॉमिनीच्या रकान्यात बाबाई भट्टाचार्य. दुसरा फॉर्म मागून आणला.